जुन्या ट्रकचे कर्ज आणि आषाढातला हप्ता

सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डाजवळ मी गेली अनेक वर्षे गाडीमालकांचे हिशेब लिहितो. एखाद्या मालकाचा हप्ता थकतो, तेव्हा लोक व्याजदराला, डिझेलला किंवा भाडे पाडणाऱ्या दलालाला दोष देतात. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक वह्यांमध्ये चूक त्याआधीच, गाडी घेतानाच झालेली असते. हप्ता वर्षाच्या सरासरी कमाईवर ठरवलेला असतो आणि तो भरायचा असतो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा गाडी दोन-दोन दिवस भरतीची वाट पाहत उभी राहते. म्हणून या लेखात गाडीच्या कर्जाचे सगळे प्रकार न घेता, एक मालक-चालक आणि त्याची जुनी दहा टायरची गाडी एवढेच उदाहरण घेऊन, हप्ता किती असावा आणि त्यामागे गंगाजळी किती ठेवावी याचा हिशेब मांडला आहे. ही गाडी माझ्या मेहुण्याने घेतली. आकडे त्याच्या वहीतले असून ते सोयीसाठी हजारांत केले आहेत.

पहिली पायरी: बारा महिन्यांची वही

कर्जासाठी कोणाकडेही जाण्यापूर्वी, ज्या मार्गावर आणि ज्या मालासाठी गाडी चालवायची आहे, तिथली एखादी चालती गाडी शोधून तिचा बारा महिन्यांचा हिशेब पाहावा. मेहुणा आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, त्यामुळे त्याला हे सोपे गेले. आपल्याकडच्या भाड्याचा हंगाम साधारण असा आहे. दसऱ्यापासून कामाला वेग येतो. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला, की साखर, बगॅस आणि मळी यांची वाहतूक वाढते. डिसेंबर-जानेवारीत यार्डात कांद्याची आवक इतकी असते, की गाडीला भाडे शोधावे लागत नाही, उलट भाडेच गाडी शोधत येते. जानेवारीपासून द्राक्षे सुरू होतात आणि मार्चअखेरपर्यंत सिमेंटही जोरात असते. कारखान्यांचा पट्टा पडून गाळप संपले, की भाडे हळूहळू उतरू लागते, आणि जूनमध्ये पाऊस लागून बांधकामे थांबली, की सिमेंटही मंदावते. साखरेची विक्री सरकारच्या मासिक कोट्यानुसार होत असल्याने पावसाळ्यातही थोडी साखर बाहेर जाते, परंतु त्या थोड्या मालासाठी गाड्या पुष्कळ असतात. शिवाय आषाढी वारीच्या काळात पंढरपूरच्या बाजूची अवजड वाहतूक वळवली जाते, त्यात दिवस जातात ते वेगळेच.

वहीत नुसते भाडे लिहिण्याचा उपयोग नाही. सोलापूर-हैदराबाद अशी एक खेप पाहा. जाताना कांद्याचे २० हजार आणि येताना मिळेल त्या मालाचे १६ हजार, असे एकूण ३६ हजार भाडे झाले. जाऊन-येऊन सुमारे ६२० किलोमीटरला १५ हजारांचे डिझेल, टोल साडेतीन हजार, क्लीनरचा पगार आणि दोघांचा भत्ता मिळून तीन हजार, दलाली, हमाली व किरकोळ खर्च अडीच हजार. हातात राहिले १२ हजार. ‘माझी गाडी महिन्याला दोन लाखांचा धंदा करते’ असे सांगणाऱ्या मालकाच्या हाती प्रत्यक्षात सत्तर हजार असतात. पुढे ज्या रकमेला मी ‘शिल्लक’ म्हणतो ती हीच, म्हणजे गाडी चालवण्याचा रोजचा खर्च वजा झाल्यावर आणि हप्ता, घरखर्च, टायर, विमा यांच्या आधी उरणारी रक्कम.

मेहुण्याने आपल्या आधीच्या मालकाच्या वहीवरून काढलेली शिल्लक अशी होती. ऑक्टोबरात ६० हजार, नोव्हेंबरात ७८, डिसेंबरात ९२, जानेवारीत ९५, फेब्रुवारीत ९०, मार्चमध्ये ९६, एप्रिलमध्ये ७४ आणि मेमध्ये ६६ हजार. पुढे जूनमध्ये ४८, जुलैमध्ये ३४, ऑगस्टमध्ये ३६ आणि सप्टेंबरमध्ये ४७ हजार. वर्षाची बेरीज ८ लाख १६ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ६८ हजार.

दुसरी पायरी: हप्त्याआधी काय काय वजा होते

मेहुण्याच्या मनात १७ लाखांची गाडी होती. फायनान्सचा माणूस १२ लाख द्यायला तयार होता, तीन वर्षांच्या मुदतीने, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’ दराने. हप्ता ४३ हजार ३३३ रुपये. तो म्हणाला, “भाऊ, ६८ हजारांतून ४३ गेले तरी २५ हजार उरतात की.” हा हिशेब तोंडी पटतो, म्हणूनच तो घातक आहे.

त्या ६८ हजारांतून घर चालवायचे आहे. मेहुण्याच्या घरी महिन्याला २० हजार लागतात, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. त्यानंतर येतात ठोक खर्च, जे महिन्याला दिसत नाहीत आणि म्हणून विसरले जातात. विम्याचे त्याने ६५ हजार धरले. दहा टायरच्या गाडीला त्यातला मोठा भाग थर्ड पार्टीचाच असतो. पासिंग, नॅशनल परमिट आणि टॅक्स यांचे मिळून ४५ हजार. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावे लागते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने आधीच धरावे. टायरचे ९० हजार, कारण दरवर्षी चार नवे टायर आणि बाकीचे रिमोल्ड, असे केल्याशिवाय घाटात गाडी घालण्याची हिंमत करू नये. हे सगळे वर्षाला दोन लाख होतात.

आठ लाख १६ हजारांतून घरखर्चाचे दोन लाख ४० हजार आणि ठोक खर्चाचे दोन लाख गेले, की हप्त्यासाठी वर्षाला ३ लाख ७६ हजार उरतात. त्या माणसाने सुचवलेले हप्ते वर्षाला ५ लाख २० हजारांचे होते. म्हणजे गाडी एकदाही बंद पडली नाही, भाड्याची एकही बाकी बुडाली नाही, तरी वर्षाला १ लाख ४४ हजारांची तूट. असा मालक पहिल्या वर्षी टायर पुढे ढकलतो, दुसऱ्या वर्षी विमा फक्त थर्ड पार्टीचा काढतो आणि तिसऱ्या वर्षी गाडी ओढून नेली म्हणून चौकात उभा राहून सांगतो.

तिसरी पायरी: कर्जाचा खरा दर

फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच लावले जाते, मुद्दल फिटत गेले तरी. तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर, जवळपास १८ टक्के. हे पडताळण्यासाठी मोठे गणित लागत नाही. मोबाइलवरच्या कोणत्याही हप्ता-गणकात १२ लाख, १८ टक्के आणि ३६ महिने घाला, हप्ता ४३ हजार ३८३ येतो. दोन फायनान्स कंपन्यांची तुलना करताना दोघांचेही दर घटत्या शिलकीवर मागावेत, एकाचा फ्लॅट आणि दुसऱ्याचा घटता असे कधीही समोरासमोर ठेवू नयेत.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे मुख्य तथ्य विवरण. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, आणि त्यात सर्व खर्च धरून निघणारा वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो. त्यात नसलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे विवरण हातात आल्यावर किमान तीन कामकाजाचे दिवस विचार करायला मिळतात. ते दिवस वापरावेत. मेहुण्याच्या नऊ लाखांच्या कर्जातून (ते नऊ लाख कसे झाले ते पुढे येईल) प्रक्रिया शुल्क, कागदपत्रे आणि कर्जाबरोबरचा विमा मिळून २७ हजार आधीच कापले जाणार होते. हप्ता मात्र पूर्ण नऊ लाखांवर. त्यामुळे १८ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात पावणेवीस टक्क्यांच्या आसपास जात होते. कर्जाबरोबरचा विमा घेणे सक्तीचे आहे का, असे त्याने लेखी विचारले, तेव्हा तो ऐच्छिक निघाला.

चौथी पायरी: हप्ता लहान करणे

हप्ता लहान करण्याचे दोन मार्ग आहेत, मुदत वाढवणे किंवा कर्ज कमी घेणे. आधी मुदत वाढवून पाहिली. १२ लाख चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३५ हजार २५० येतो, तोही वर्षाच्या ३ लाख ७६ हजारांत बसत नाही. आणि जुन्या गाडीची मुदत हवी तितकी वाढवता येत नाही, कारण कर्ज संपेल तेव्हा गाडीचे वय किती असेल यावर प्रत्येक कंपनीची मर्यादा असते. नॅशनल परमिटलाही वयाची अट आहे: दोन अॅक्सलच्या गाडीला १२ वर्षे आणि त्याहून जास्त अॅक्सलच्या गाडीला १५ वर्षे. परमिट संपल्यावरही हप्ता चालू राहील अशी मुदत घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने गाडी राज्यात कोंडणे.

मग त्याने गाडीच बदलली. १७ लाखांची सहा वर्षांची गाडी सोडून १२ लाख ६० हजारांची आठ वर्षांची घेतली. त्याच्याजवळ सहा लाख रुपये होते. पहिल्या गाडीत पाच लाख मार्जिनमध्ये आणि उरलेला एक लाख नाव ट्रान्सफर, विमा आणि टायरमध्ये गेला असता, म्हणजे पहिली खेप भरायच्या दिवशी हात रिकामे. दुसऱ्या गाडीत ३ लाख ६० हजार मार्जिन, १ लाख २० हजार सुरुवातीचा खर्च आणि १ लाख २० हजार गंगाजळी अशी विभागणी झाली. नऊ लाख, चार वर्षे, १८ टक्के घटता दर, हप्ता २६ हजार ४४० रुपये. जुनी गाडी दुरुस्ती जास्त मागते हे खरे, पण त्यासाठी वर्षाला जवळपास ५९ हजार मोकळे राहतात. आधीच्या गाडीत तेवढेही नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी कर्ज देते ते व्यवहाराच्या किमतीवर नव्हे, तर तिने स्वतः केलेल्या मूल्यांकनावर. मालकाने १७ सांगितले आणि मूल्यांकन १५ आले, तर फरक खिशातून जातो, आणि तो बहुतेक वेळा गंगाजळीतूनच जातो. म्हणून मूल्यांकन येण्याआधी इसार देऊ नये, किंवा दिलाच तर ‘कर्ज न झाल्यास परत’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

पाचवी पायरी: गंगाजळी किती आणि कुठे

गंगाजळीचा आकडा ‘तीन हप्ते’ असा ठोकून सांगितला जातो. तो मला पटत नाही, कारण दोन गाड्यांचा पावसाळा सारखा नसतो. माझी पद्धत अशी. आधी मंदीच्या चार महिन्यांची तूट काढावी. जून ते सप्टेंबरची शिल्लक १ लाख ६५ हजार. त्याच चार महिन्यांत घरखर्च आणि हप्ता मिळून १ लाख ८६ हजार. तूट सुमारे २१ हजार. (मोठ्या हप्त्यावर हीच तूट ८८ हजार झाली असती.) मग त्यात दीड महिना गाडी पूर्ण उभी राहिली, तर लागणारा हप्ता आणि घरखर्च, म्हणजे ७० हजार, मिळवावेत. जुन्या इंजिनचे काम निघाले आणि सुटे भाग यायला वेळ लागला, की एवढे दिवस सहज जातात. शेवटी ट्रान्सपोर्टवाल्यांकडे अडकलेल्या बाकीसाठी ३० हजार. एकूण १ लाख २१ हजार, आणि म्हणूनच त्याने १ लाख २० बाजूला ठेवले.

ही बाकी हा विषय थोडा खुलासा मागतो. भाड्याचा मोठा भाग भरतीच्या वेळी अॅडव्हान्स मिळतो आणि उरलेला, समजा १५ टक्के, पोच पावती परत पोहोचल्यावर, कधी पंधरा दिवसांनी तर कधी दीड महिन्याने. वहीत कमाई दिसते, पण पाच तारखेला खात्यात ती नसते. या अडचणीतूनच मेहुण्याने बचतीचा नियम काढला, आणि मला तो फार आवडला. अॅडव्हान्समधून खेपेचा खर्च, घर आणि हप्ता चालवायचा, आणि बाकी जेव्हा येईल तेव्हा ती सगळीच्या सगळी राखीव खात्यात टाकायची. ३६ हजारांच्या खेपेला १५ टक्के म्हणजे ५ हजार ४००, आणि हंगामात महिन्याला सहा-सात खेपा धरल्या, तर महिन्याला सुमारे ३५ हजार बाजूला पडतात. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दोन लाख ८० हजार होतात. त्यातले दोन लाख ठोक खर्चाचे आणि ८० हजार गंगाजळीत भर. वेगळी शिस्त लागत नाही, पैसा मुळातच उशिरा आणि तुकड्यांनी येतो.

ठोक खर्चाचा पैसा आणि गंगाजळी एका खात्यात ठेवू नयेत. टायर फुटला की हात त्याच खात्यात जातो आणि जुलैमध्ये दोन्हींचा तळ दिसतो. गंगाजळीचे खाते हप्ता कापल्या जाणाऱ्या बँकेपेक्षा वेगळ्या बँकेत असावे आणि ते मोबाइलच्या पेमेंट अॅपला जोडलेले नसावे. मेहुण्याने ४० हजारांच्या तीन मुदत ठेवी केल्या, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची. माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी मी गंगाजळी घरच्या कपाटात ठेवली होती. ती चुलत बहिणीच्या लग्नात हातउसनी गेली आणि परत आली ती दिवाळीनंतर. मधले दोन हप्ते चुकले.

सहावी पायरी: खरेदीचा महिना, हप्त्याची तारीख आणि कागद

मे-जूनमध्ये गाड्या स्वस्त मिळतात, कारण पावसाळ्याला घाबरून मालक विकायला काढतात. परंतु तेव्हा घेतलेल्या गाडीचे पहिले चार हप्ते मंदीतच येतात. किमतीत पन्नास हजार वाचले, तरी सुरुवातीच्या गंगाजळीतून तेवढेच आणि थोडे जास्तच जातात. सप्टेंबरअखेर व्यवहार करून ऑक्टोबरात रस्त्यावर येणे चांगले. हप्त्याची तारीख मागून घ्यावी. आपल्या पार्ट्या बाकी ज्या तारखांना देतात, त्यानंतर पाच-सहा दिवसांची तारीख ठेवल्यास खाते रिकामे सापडत नाही. काही कंपन्या हंगामी हप्ता देतात, म्हणजे डिसेंबर ते मार्च जास्त आणि पावसाळ्यात कमी. मात्र तो परतफेडीच्या छापील तक्त्यात महिन्यागणिक दिसला पाहिजे. ‘पावसाळ्यात बघून घेऊ’ हे तोंडी वाक्य वसुलीच्या माणसाला ऐकू येत नाही.

गाडीचे कागद पाहताना वाहन पोर्टलवर आधीचा बोजा, टॅक्स, पासिंग, परमिट आणि प्रलंबित ई-चलान तपासावेत. चेसिस नंबर गाडीवर हात फिरवून आरसीशी ताडून पाहावा. आधीचे कर्ज असेल, तर त्या कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सुटू देऊ नयेत. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या बोजासाठी फॉर्म ३४. नाव ट्रान्सफरसाठी खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि विमा नावावर करून घेण्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवायचे असते. हे १४ दिवस लोक विसरतात. जुन्या मालकाच्या नावचा विमा असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो आणि हप्ता मात्र चालू राहतो.

गंगाजळीही अपुरी पडली तर

हप्ता चुकणार हे साधारण दहा दिवस आधी दिसते. त्याच वेळी कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खाते रिकामे ठेवून हप्ता परत जाऊ दिला, तर बँक आणि कंपनी दोघांचेही आकार लागतात. हप्ता चुकल्यावर कंपनी दंड म्हणून आकार घेऊ शकते, मात्र तो जास्तीच्या व्याजाच्या रूपाने मुद्दलात मिळवता येत नाही आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. खात्याच्या उताऱ्यात असे व्याज दिसले, तर तक्रार करावी.

थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक ठरते, आणि नंतर एक-दोन हप्ते भरून ते सुधारत नाही, सगळी थकबाकी फेडावी लागते. म्हणून दोन हप्ते थकले असतील आणि हातात दोन्हींचे पैसे नसतील, तर टायर किंवा विम्याचा विचार बाजूला न ठेवता, एक हप्ता भरून थकबाकी ६० दिवसांच्या आत ठेवावी आणि उरलेल्यातून गाडी चालती ठेवावी. उभी गाडी हप्ता फेडत नाही. गाडी ताब्यात घेण्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीपूर्वीची शेवटची संधी करारात लिहिलेली असावी लागते, ते कलम सही करतानाच शोधून खूण करून ठेवावे.

मेहुण्याचा पहिला पावसाळा असा गेला. ऑगस्टमध्ये क्लच प्लेट गेली, गाडी विजापूर रोडवर नऊ दिवस उभी होती, आणि त्याने ४० हजारांची एक ठेव मोडली. डिसेंबरात सात खेपांच्या बाकीत आणि थोड्या जास्तीच्या रकमेत ती परत उभी राहिली. मेअखेर हातात थोडे जास्त दिसल्यावर त्याने कर्जात जादा भरणा करण्याचे काढले होते. मी त्याला दुसरा पावसाळा जाऊ दे म्हटले, शिवाय त्याचे कर्ज स्थिर दराचे असल्याने मुदतपूर्व भरण्याचा आकार किती, ते आधी करारात पाहायला सांगितले. शेवटचा हप्ता गेल्यावर मात्र थांबू नये. ना हरकत पत्र आणि सहीचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्यावा आणि नव्या आरसीवर फायनान्सचे नाव नाही, हे खिडकीवरच वाचून पाहावे.